गप्प बसणे आणि उलट वार, यांपलीकडचे

छळ होणाऱ्या अल्पसंख्याकांपुढे ‘मुकाट सोसा किंवा जशास तसे वागा’ असे दोनच मार्ग असल्याचे मागील अंकातील पत्रलेखकांनी म्हटले आहे. इराणमधल्या बहाईंनी तिसरा मार्ग काढला. १९७९च्या क्रांतीनंतर त्यांच्या मुलांना विद्यापीठांची दारे बंद झाली. धर्म नाकारला असता तर ती उघडली असती. १९८७मध्ये, नोकरीतून काढलेल्या बहाई प्राध्यापकांनीच उच्च शिक्षण संस्था उभी केली. धडे आधी टपालाने जात, वर्ग दिवाणखान्यांत भरत, प्रयोगशाळाही घरांतच. १९९८मध्ये शेकडो घरांवर छापे पडले, पुस्तके आणि उपकरणे जप्त झाली. २०११मध्ये पुन्हा छापे, आणि अनेक शिक्षकांना तुरुंगवास. तरी अभ्यासक्रम चालूच राहिले, आता बरेचसे इंटरनेटवरून. इराण सरकार या संस्थेची पदवी मानत नाही, पण परदेशांतील अनेक विद्यापीठे तिच्या आधारे पुढचा प्रवेश देतात.

याला मुकाट सोसणे कसे म्हणायचे? सुडाची हाक न देता ते हक्कासाठी अर्ज करत राहिले. पुण्या-पाचगणीत बहाई शेजारी असलेल्यांनी हे त्यांना जरूर विचारावे. इराणमधल्या त्या विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे: पुढच्या सत्राची नावनोंदणी चुकवू नका.

– एक वाचक, पुणे