तांत्रिक अनुवादातील 'सम' : हवा-वितरणाच्या सूचनांच्या निमित्ताने

तांत्रिक मराठीची चर्चा बहुधा संज्ञांपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. 'डक्ट'ला 'वायुवाहिनी' म्हणावे की नाही, 'डॅम्पर'ला 'झडप' हा शब्द चालेल की नाही, अशा प्रश्नांवर पुष्कळ शक्ती खर्च होते. इमारतींच्या वायुवीजनाची कामे करणाऱ्या कंत्राटदारांसाठी डक्टची मापे आणि हवेचे बॅलन्सिंग यांविषयीच्या इंग्रजी टिपणांचा अनुवाद करताना मात्र खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी आढळते. 'डक्ट', 'डॅम्पर', 'ग्रिल' हे शब्द कारागिरांच्या तोंडी रुळलेले आहेत. त्यांवाचून काही अडत नाही. अडते ते 'सम' या निरुपद्रवी वाटणाऱ्या उपसर्गापाशी. समघर्षण, समतुल्य व्यास आणि समतोल या तिन्ही संज्ञा व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत. परंतु तिन्हींतील 'सम' वेगवेगळा आहे आणि तो कशाच्या बाबतीत, हे एकही संज्ञा सांगत नाही.

चार खोल्यांना ताजी हवा पुरविणाऱ्या एखाद्या दवाखान्याचे उदाहरण घेता येईल. प्रतीक्षागृहाला ३०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला ३०० घनफूट हवा हवी आहे; दोन तपासणी खोल्यांना प्रत्येकी २०० आणि टोकाच्या भांडारखोलीला १००. एकूण ८००. डक्टचे माप समघर्षण पद्धतीने काढावयाचे, म्हणजे दर १०० फूट लांबीमागे घर्षणाने होणारी दाबाची घट सर्वत्र सारखी धरावयाची. ती पाण्याच्या स्तंभाच्या ०.१ इंचाइतकी धरल्यास ८०० सीएफएमसाठी सुमारे १३ इंच व्यासाचा गोल डक्ट लागतो. येथील समानता दर फुटामागची आहे, संपूर्ण मार्गाची नव्हे. २० फुटांच्या सरळ मार्गात घट ०.०२ इंच होते, ८० फुटांच्या मार्गात ०.०८. म्हणून जवळच्या ग्रिलकडे हवा अधिक धावते आणि टोकाची ग्रिल उपाशी राहते. 'समघर्षण' या शब्दावरून सर्व शाखांचा विरोध सारखाच आहे, असा समज झालेल्या वाचकाला पुढे बॅलन्सिंगची गरज का पडते, हेच उमगणार नाही.

दुसरा 'सम' अधिक फसवा आहे. फॉल्स सीलिंगच्या पोकळीत गोल डक्ट क्वचितच बसतो. म्हणून त्याचे चौकोनी माप काढतात. १३ इंची गोल डक्टच्या जागी १२ × १२ इंचांचा डक्ट चालतो. त्याचा समतुल्य व्यास १३.१ इंच येतो. आता समजा, पोकळीत उंचीला ६ इंचच जागा आहे. 'समतुल्य' याचा अर्थ 'सारख्या क्षेत्रफळाचा' असा घेणारा कारागीर हिशेब करतो : १२ × १२ म्हणजे १४४, २४ × ६ म्हणजेही १४४. तो २४ × ६ चा पत्रा कापतो. त्याच्या गणितात चूक नाही. चूक शब्दाच्या अर्थात आहे. चपट्या डक्टमध्ये तितक्याच क्षेत्रफळाला भिंतींचा घेर अधिक पडतो, घर्षण वाढते आणि त्याचा समतुल्य व्यास १२.४ इंचांवर येतो. तेवढीच हवा नेताना घट जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढते. ६ इंच उंचीत मूळ डक्टची बरोबरी साधण्यास रुंदी सुमारे २७ इंच हवी. समतुल्यता येथे क्षेत्रफळाची नसून सारख्या हवेला होणाऱ्या सारख्या विरोधाची आहे. एवढे एक वाक्य अनुवादात नसेल, तर सोबत छापलेला तक्ता कितीही अचूक असला तरी जागेवर माप बदलण्याची वेळ आल्यावर तो वाचकाला सावरू शकत नाही.

तिसरा 'सम' हा बॅलन्सिंगचा. मूळ टिपणांतील सूचनेचा सरळ अनुवाद असा होतो : 'सर्व ग्रिल समतोल कराव्यात, फरक १० टक्क्यांहून अधिक नसावा.' मराठी वाचक याचा अर्थ, सर्व ग्रिलमधून सारखी हवा यावी, असाच घेईल. तसे केल्यास चारही ग्रिलमधून २०० सीएफएम येईल आणि एकूण बेरीज ८०० भरेल. बेरीज जुळल्यामुळे दोष लपून राहील. पण रुग्ण जेथे दाटीने बसतात त्या प्रतीक्षागृहाला गरजेच्या दोनतृतीयांश हवा मिळेल आणि रिकाम्या भांडारखोलीला दुप्पट.

मूळ आशय असा की, प्रत्येक ग्रिलमधून तिच्या नेमल्या वाट्याचा सारखाच हिस्सा यावा. सर्व डॅम्पर पूर्ण उघडे ठेवून प्रथम मोजणी करतात. समजा, हवा अनुक्रमे ३९०, २३०, १७० आणि ६० भरली. म्हणजे नेमल्या वाट्याच्या १३०, ११५, ८५ आणि ६० टक्के. सर्वांत कमी टक्केवारीची टोकाची ग्रिल ही आधाराची ग्रिल. तिचा डॅम्पर पूर्ण उघडाच राहतो. तिच्या अलीकडच्या ग्रिलचा डॅम्पर, दोघींची टक्केवारी जुळेपर्यंत आवळावयाचा आणि असेच पंख्याकडे सरकत यावयाचे. प्रत्येक वेळी आधाराच्या ग्रिलची हवाही वाढते. म्हणून ती पुन्हा मोजावी लागते. अखेरीस चारही ग्रिल, समजा, ९५ टक्क्यांवर आल्या : २८५, १९०, १९०, ९५. आता पंख्याची गती सुमारे ५ टक्के वाढविली की सर्व ग्रिल एकदम शंभराच्या आसपास पोहोचतात, कारण जुळलेले प्रमाण एकूण हवा बदलली तरी जवळजवळ टिकून राहते. मात्र गती ५ टक्के वाढली की शक्ती सुमारे १६ टक्के अधिक लागते. म्हणून मोटरचा अँपिअर पाहिल्यावाचून काम संपत नाही. काम बिघडल्याची खूणही याच आशयातून निघते. शाखेतील एकही डॅम्पर पूर्ण उघडा राहिलेला नसेल, तर पंखा विनाकारण विरोधाशी झुंजत आहे, असे समजावे.

या आशयाला मराठीत शब्द नाही असे नाही. तो 'समतोल' नव्हे, 'वाटणी' आहे. वाटणी सारखीच असावी लागत नाही. ती ज्याच्या त्याच्या हिश्शाप्रमाणे असावी लागते, हे मराठी भाषकाला समजावून सांगावे लागत नाही. कालव्याचे पाणी टोकाकडून मुखाकडे देत येण्याची रीत महाराष्ट्रातील शेतकऱ्याला ठाऊक आहे. टोकाच्या ग्रिलपासून पंख्याकडे येण्याचा क्रम त्याला परका वाटणार नाही. कारागीर कामाला बॅलन्सिंगच म्हणतील आणि म्हणावे. परंतु सूचनेत 'प्रत्येक ग्रिलला तिच्या वाट्याचा सारखा हिस्सा मिळेल अशी वाटणी लावावी. कोणतीही ग्रिल आपल्या वाट्यापेक्षा १० टक्क्यांहून कमीअधिक नसावी' असे लिहिले, तर सारखी हवा असा अर्थ निघण्यास जागा उरत नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की, संज्ञेचे वाक्य केल्यास तिची सुटसुटीतता जाते आणि संदिग्धता तर इंग्रजी मुळातही आहेच. दुसरी गोष्ट खरी आहे. पण मुळाचा वाचक अभियंता असतो. शब्दाने सोडलेली जागा त्याचे शिक्षण भरून काढते. मराठी टिपण ज्याच्या हाती जाते त्याला बहुधा केवळ शब्दावरच विसंबावे लागते. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषाकोशांचे मोठे कार्य केले आहे. परंतु कोशाचे काम संज्ञेला संज्ञा देणे हे होय. ती संज्ञा कृतीत उतरताना कोठे घसरते, हे पाहण्याचे काम अनुवादकाचेच राहते. तेव्हा प्रत्येक 'सम' लिहिताना 'कशाच्या बाबतीत?' हा प्रश्न त्याने विचारावा, त्याचे उत्तर त्याच वाक्यात द्यावे आणि सोबत वरीलसारखे आकडे घालून सोडविलेले एक उदाहरण ठेवावे. संज्ञा सुटसुटीत असावी हे खरेच. पण पत्रा एकदा कापला गेला की त्या सुटसुटीतपणाची किंमत प्रतीक्षागृहात बसलेल्या रुग्णांना द्यावी लागते.