पाच सेकंदांची शांतता आणि सबटायटल

गावोगावच्या जुन्या नटांच्या, भजनी बुवांच्या, शाळामास्तरांच्या मुलाखती हल्ली बरेच जण व्हिडिओवर टिपून ठेवतात. चांगली गोष्ट आहे. मग कुणीतरी विद्यार्थी ती मुलाखत ऐकून उतरवून काढतो, प्रत्येक बोलणाऱ्याच्या नावापुढे वेळ लिहितो, आणि त्या कागदावरून सबटायटल करायचं ठरतं. इथपर्यंत सगळं ठीक असतं. पुढचं काम मात्र "आता फक्त फॉरमॅट बदलायचा" असं समजून उरकलं जातं, आणि माझी तक्रार नेमकी तिथे आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. उतरवलेल्या मजकुरातली वेळ ही बोलणाऱ्याने तोंड उघडल्याची वेळ असते. सबटायटलला लागते ती प्रत्येक वाक्याची वेळ. पहिलीवरून दुसरी गणिताने काढता येत नाही, त्यासाठी पुन्हा ऐकावं लागतं. हे ऐकणं टाळलं की फाइल नियमांत चोख बसते आणि माणसाचं बोलणं बिघडतं.

उदाहरण घेऊ. आमच्याकडच्या काल्याच्या नाटकांत स्त्रीपार्टी केलेल्या एका म्हाताऱ्या नटाची मुलाखत आहे. उतरवलेला भाग असा:

```
[00:12:46] नट: आमच्या गावात काल्याला नाटक व्हायचं,
आणि बायकांची कामं आम्ही पुरुषच करायचो. मी सात
वर्षं लुगडं नेसून उभा राहिलो. आई एकदाच बघायला
आली. तिनं मला ओळखलंच नाही.
[00:13:07] प्रश्नकर्ता: ...
```

म्हणजे नटाला मिळाले एकवीस सेकंद. अगदी आळशी माणूस हे सगळं एकच सबटायटल म्हणून टाकतो. चार-पाच ओळींचा ठोकळा एकवीस सेकंद पडद्यावर बसून राहतो, नटाचा अर्धा चेहरा झाकतो, आणि प्रेक्षक नऊ-दहा सेकंदांत सगळं वाचून मोकळा होतो. हे चूक आहे हे कुणालाही दिसतं, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

थोडा जाणकार माणूस नियम पाळतो. नियम थोडक्यात असे: एका वेळी दोनच ओळी, एक सबटायटल सेकंदाहून फार कमी नको आणि सात सेकंदांहून जास्त नको, आणि इंग्रजीत ओळीला साधारण बेचाळीस अक्षरं. हा बेचाळीसचा आकडा आपल्या लिपीला जसाच्या तसा लावू नये. संगणक काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं सुटं मोजतो. 'स्त्री' हे आपल्या डोळ्याला एक अक्षर, संगणकाच्या हिशेबी सहा. म्हणून मी अक्षरं मोजतो, जशी आपण कवितेत मोजतो तशी, आणि शब्दांमधली मोकळी जागा एक धरतो. ओळीला पंचवीस-सत्तावीस अक्षरं, आणि वाचायला सेकंदाला दहा अक्षरांपर्यंत. हा माझा अंदाजपट्टा आहे, कायदा नव्हे, पण बसतो बरा.

आता हा जाणकार माणूस नटाचा मजकूर मोजतो. पाच तुकडे पडतात: एकोणीस, तेवीस, बावीस, पंधरा आणि चौदा अक्षरं. एकूण त्र्याण्णव. एकवीस सेकंद या प्रमाणात वाटून दिले की पहिल्या तुकड्याला सव्वाचार सेकंद, दुसऱ्याला सव्वापाच, तिसऱ्याला पाच. शेवटची दोन वाक्यं लहान आहेत, म्हणून ती एकाखाली एक ठेवून एकच सबटायटल केलं, त्याला साडेसहा सेकंद. कुठेही सात सेकंदांच्या वर नाही, दोन ओळींच्या वर नाही, वाचायला भरपूर वेळ. तपासणाऱ्याने कागदावर तपासलं तर एकही शेरा मारता येणार नाही.

पण व्हिडिओ लावा. नट "आई एकदाच बघायला आली" म्हणतो आणि थांबतो. पाच सेकंद काही बोलत नाही. खाली बघतो, बोटांनी धोतराचा काठ चाळवतो. मग म्हणतो, "तिनं मला ओळखलंच नाही." आणि हसतो.

ही पाच सेकंदं गणितात कुठे गेली? सगळ्या वाक्यांवर सारखी पसरली. त्यामुळे लुगड्याचं वाक्य बोलायला सुरुवात झाल्यावर तीन सेकंदांनी ते पडद्यावर येतं. आई बघायला आल्याचं वाक्य चार सेकंद उशिरा येतं, आणि त्याच्याच खाली, त्याच क्षणी, आईने ओळखलं नाही हेही येतं. नट अजून गप्प आहे, त्याने ते सांगायचं की नाही हेही ठरवलं नसेल, आणि आपण साडेतीन सेकंद आधीच वाचून बसलो. सभागृहात हसू त्याच्या तोंडून वाक्य निघण्याआधीच फुटतं. ज्या माणसाने उभी हयात टाळी कुठे घ्यायची हे शिकण्यात घालवली, त्याची जागा आपण खाऊन टाकली.

म्हणून या कामाचा क्रम असा असावा. उतरवलेल्या वेळांवर फक्त बोलणारा शोधण्यापुरता विश्वास ठेवा. त्या बहुधा पूर्ण सेकंदांत असतात, म्हणजे जवळजवळ सेकंदभर इकडेतिकडे तिथेच होतं. मग तो तुकडा ऐकून प्रत्येक वाक्य सुरू कुठे होतं आणि संपतं कुठे ते लिहा. `Subtitle Edit` सारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये आवाजाची नक्षी दिसते, शांतता तिथे सपाट रेघ म्हणून डोळ्यालाच कळते. वाक्य सुरू होताना सबटायटल आणा, आणि संपल्यावर थोडा वेळ, अर्ध्या सेकंदापर्यंत, राहू द्या. आमच्या नटाचा तुकडा मग असा होतो:

```
214
00:12:46,400 --> 00:12:51,900
आमच्या गावात काल्याला नाटक व्हायचं,
आणि बायकांची कामं आम्ही पुरुषच करायचो.

215
00:12:52,600 --> 00:12:55,900
मी सात वर्षं लुगडं नेसून उभा राहिलो.

216
00:12:56,600 --> 00:12:59,100
आई एकदाच बघायला आली.

217
00:13:03,900 --> 00:13:06,400
तिनं मला ओळखलंच नाही.
```

दोनशे सोळा आणि दोनशे सतरा यांच्यामध्ये पडदा जवळजवळ पाच सेकंद रिकामा आहे. पुष्कळांना ही रिकामी जागा खुपते, मग ते आधीचं सबटायटल पुढच्याला टेकेपर्यंत ताणतात. ताणू नये. मजकूर गेला की प्रेक्षकाची नजर चेहऱ्याकडे जाते, आणि तिथे त्या वेळी बघण्यासारखं असतं.

आता उलट अडचण. प्रश्न विचारणारा तरुण घाईने बोलतो: "नाही म्हणजे मला असं विचारायचं होतं की त्या वेळी तुम्हाला लाज वगैरे कधी वाटली नाही का?" साडेतीन सेकंदांत एक्कावन्न अक्षरं. सेकंदाला चौदा-पंधरा पडतात, एवढं कुणी वाचू शकत नाही. पुढे शांतता असेल तर सबटायटल थोडं लांबवता येतं. इथे नटाचं उत्तर लगेच सुरू होतं, म्हणून कापावं लागतं: "त्या वेळी तुम्हाला लाज कधी वाटली नाही का?" तेवीस अक्षरं, निवांत वाचून होतं. प्रश्नकर्त्याचं "म्हणजे" आणि "वगैरे" गेल्याने कुणाचं काही बिघडत नाही. नटाचं बोलणं मात्र मी शेवटपर्यंत कापत नाही, आणि त्यात आलेला कोंकणी शब्द पुस्तकी मराठीत बदलत तर मुळीच नाही. तो शब्द कानाला ऐकू येतो आणि डोळ्याला दुसराच दिसतो, तेव्हा प्रेक्षकाचा फाइलवरचा विश्वास उडतो.

ओळ कुठे तोडायची हाही प्रश्न मराठीत जरा वेगळा आहे. आपलं क्रियापद शेवटी, आणि त्याच्याही शेवटी 'नाही'. "मला ते काम करायला आवडत" एवढं एका सबटायटलमध्ये आणि "नाही" पुढच्यात गेलं, तर मधला सेकंदभर प्रेक्षक उलटाच अर्थ घेऊन बसतो. 'नाही' क्रियापदाला चिकटूनच राहिलं पाहिजे, एका सबटायटलमध्येच नव्हे तर शक्यतो एका ओळीत. तसंच 'देवळाच्या' एका ओळीत आणि 'पाठीमागे' दुसरीत असं करू नये. स्वल्पविराम, 'आणि', 'पण', 'म्हणून' यांच्या आधी तोडलं की बहुतेक वेळा बरोबर बसतं. स्वल्पविराम मात्र वरच्या ओळीतच ठेवावा, वरच्या दोनशे चौदा क्रमांकात आहे तसा.

फाइलच्या रचनेबद्दल दोनच गोष्टी, कारण बाकी वर दिसतेच आहे. सेकंदांनंतर स्वल्पविराम असतो, टिंब नव्हे, आणि प्रत्येक सबटायटलनंतर एक कोरी ओळ लागते, ती विसरली की दोन सबटायटलं एकमेकांत मिसळतात. साठवताना `UTF-8` निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं मिळतात. बोलणाऱ्याच्या नावासाठी या फाइलमध्ये वेगळी जागा नाही. माणूस पडद्यावर दिसत असेल तर नाव लिहूच नये. दोघांची बोलणी एका सबटायटलमध्ये आली तर प्रत्येकाची ओळ वेगळी करून आधी आडवी रेघ द्यावी.

तपासणी कागदावर करू नका. फाइलला व्हिडिओचंच नाव द्या, त्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि `VLC` मध्ये लावा. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशी तीन ठिकाणं बघा. तिन्हीकडे सारखाच उशीर असेल तर सगळ्या वेळा एकदम सरकवल्या की काम झालं. सुरुवातीला जुळतं, एका जागेपुढे सगळंच ठरावीक सेकंदांनी चुकतं, असं असेल तर मजकूर उतरवल्यावर कुणीतरी व्हिडिओतला तुकडा कापला आहे असं समजा, आणि त्या जागेपासून पुढच्याच वेळा सरकवा. आणि चूक हळूहळू वाढत जात असेल तर व्हिडिओचा वेगच बदलला आहे, तिथे सरकवून भागत नाही, वेळा प्रमाणात ताणाव्या लागतात.

हे सगळं करायला एका तासाच्या मुलाखतीला माझ्या हिशेबाने सुटीचे दोन दिवस सहज जातात. गणिताने तासाभरात होतं. "एवढा वेळ कुणाकडे आहे?" असं मला विचारतात. माझं म्हणणं, वेळ नसेल तर तासाची मुलाखत करू नका, त्यातली दहा मिनिटं निवडा आणि ती नीट ऐकून करा. बाकीचा उतरवलेला मजकूर तसाच जपून ठेवा, पुढे कुणीतरी बसेल. गप्प बसलेल्या नटाच्या आधी बोलणारी तासाभराची फाइल करण्यापेक्षा ते बरं.