अस्सलबरहुकूम तार

तारेच्या जुन्या कागदांची नक्कल करावयास बसलेल्या मनुष्याच्या हाताला पहिला मोह होतो तो शुद्धीकरणाचा. समोरच्या कागदावर सगळी अक्षरे रोमन मोठ्या लिपीत, विरामचिन्हाचा मागमूस नाही, एखादा शब्द उघड उघड बिघडलेला. अशा वेळी आपण वहीत उतरवून घेताना तेथे पूर्णविराम द्यावा, येथे अक्षर नीट करावे, हे सुजाण माणसाला स्वाभाविक वाटते. परंतु तारेतील बिघडलेले अक्षर हा त्या संदेशाने कोणत्या मार्गाने प्रवास केला याचा दाखला असतो, आणि नक्कल करणाराने तो पुसला म्हणजे पुढे कोणालाही तो परत उभा करता येत नाही. आमच्या अक्कलकोटच्या घरातील एका तारेवरून हे मला पुरते पटले, आणि तीच आज वाचकांसमोर ठेवतो.

प्रथम कागदाची ओळख करून घेऊ. मोठ्या शहराच्या तारघरात टेलिप्रिंटर नावाचे यंत्र सुमारे बोटभर रुंदीच्या अखंड पट्टीवर संदेश छापीत असे. पट्टीच्या पाठीला गोंद लावलेला असे. ती ओली करून, तुकडे तोडून, छापील फॉर्मवर एकाखाली एक चिकटविली की तार तयार होई आणि तारवाला ती घेऊन निघे. आपल्या टपाल व तार खात्याच्या या फॉर्मवर इंग्रजीत एक बारीक ओळ छापलेली असे. आरंभीच्या नोंदींचा क्रम तारेचा प्रकार, स्वीकारल्याची वेळ, परदेशी तार असल्यास अनुक्रमांक, मूळ कार्यालय, तारीख, काही सेवासूचना असल्यास त्या, आणि शब्दसंख्या असा आहे, एवढेच त्या ओळीत सांगितलेले असे. पुष्कळांनी ही ओळ आयुष्यात वाचली नसेल. नक्कल करणाराला मात्र सारी किल्ली तेथेच सापडते.

माझे काका नोकरीनिमित्त दूरच्या एका मोठ्या शहरात राहत असत. १९५८ साली अक्कलकोटहून माझ्या वडिलांनी त्यांना केलेली तार त्यांच्या कागदांबरोबर आमच्याकडे परत आली. सहा शब्दांचा पत्ता येथे गाळला आहे. बाकी मजकूर पट्ट्यांवर आहे तसाच, ओळी जेथे तुटल्या तेथेच तोडून, उतरवितो :

```
X 1510 AKKALKOT 9 15
PNA SERIOUS START IMMEDIATELY
BRING WPP WIRE TRAIN DADA
COL 200
```

आमच्या नात्यातील एका हौशी गृहस्थांनी पुढे घराण्याची कागदपत्रे एका वहीत सुंदर अक्षरांत उतरवून काढली, तेव्हा हीही तार त्यांनी 'नीट' करून घेतली. आरंभीची आणि शेवटची ओळ त्यांना कार्यालयीन खूण वाटली म्हणून गाळली. पहिला शब्द त्यांनी पुणे शहराचे संक्षिप्त नाव मानून पूर्ण लिहिला. आणि तीन अक्षरांच्या त्या अनाकलनीय शब्दातील पहिले अक्षर बदलून त्याचे व्ही. पी. पी. केले, कारण टपालाच्या त्या व्यवहाराशी त्या पिढीतील प्रत्येकाचा परिचय होता. त्यामुळे त्यांच्या वहीप्रमाणे पुण्यास काही गंभीर घडले असून काकांनी व्ही. पी. चे पार्सल घेऊन तातडीने निघावयाचे आहे. हे वाचन अत्यंत सुसंगत दिसते. मूळ पट्टी नष्ट झाली असती तर घराण्याचा इतिहास म्हणून तेच टिकले असते.

आता अस्सल कागदाची रुजुवात करू. पहिल्या ओळीतील एक्स म्हणजे दुप्पट दराची एक्स्प्रेस तार. ती दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, ९ तारखेस, अक्कलकोटला स्वीकारली गेली. महिना आणि वर्ष या ओळीत येतच नाही, ते फॉर्मवरील शिक्क्यातूनच मिळते. म्हणून शिक्का अंधुक असला तरी त्याची नोंद टाळता येत नाही. कार्यालयाचे नावही जसेच्या तसे घ्यावे लागते, कारण आमच्याकडे गाव वेगळे आणि गावापासून कित्येक मैल दूर असलेले अक्कलकोट रोड स्टेशन वेगळे. नवी दिल्लीप्रमाणेच दोन शब्दांची ठिकाणे तारेत जोडून लिहिली जात, आणि तो जोड सोडविला किंवा अर्धा गाळला तर तार गावातून निघाली की स्टेशनातून हेच कळेनासे होते.

शेवटचा आकडा पंधरा, म्हणजे शब्दसंख्या. पत्त्याचे सहा, मजकुराचे आठ आणि प्रेषकाचा एक, असे बरोबर पंधरा शब्द भरतात. शेवटची स्वतंत्र ओळ या मोजणीत धरावयाची नसते. या हिशेबाने एक गोष्ट निर्विवाद ठरते की वाटेत एकही शब्द गळालेला नाही आणि एकही वाढलेला नाही. दोष असलाच तर तो शब्दांच्या पोटात आहे.

पहिला शब्द घेऊ. मोर्सच्या लिपीत रेघ ही तीन टिंबांइतकी लांब, एकाच अक्षरातील टिंब-रेघांमध्ये एका टिंबाचा अवकाश, आणि दोन अक्षरांमध्ये तीन टिंबांचा. ए हे अक्षर टिंब-रेघ असे, तर एन हे रेघ-टिंब असे वाजते. या दोहोंमधील अवकाश जरासा आखडला की कानावर टिंब-रेघ-रेघ-टिंब असे एकच अक्षर पडते, आणि ते असते पी. म्हणजे 'अण्णा' या शब्दाच्या रोमन चार अक्षरांपैकी पहिली दोन एकमेकांना चिकटली, पुढची दोन सुखरूप पोहोचली, आणि पट्टीवर तीन अक्षरे उमटली. पुण्याचा येथे काही संबंध नाही; आमच्या आजोबांना सारे घर अण्णा म्हणे, आणि त्यांचीच प्रकृती गंभीर होती. पाठविणाराचा हात घाईत होता की घेणाराचा कान थकलेला होता, हे ठरविण्याचे साधन कागदात नाही आणि त्याची गरजही नाही.

आता दुसरा बिघडलेला शब्द. टेलिप्रिंटरमध्ये प्रत्येक अक्षर पाच विद्युत्-स्पंदांचे, आणि पाच स्पंदांतून केवळ बत्तीसच जुळण्या होत असल्यामुळे अक्षरे व अंक यांना त्याच जुळण्या वाटून दिलेल्या असतात. अंक छापावयाचे असले की आधी 'अंक' अशी एक मूक खूण जाते, अक्षरे छापावयाची असली की 'अक्षर' अशी दुसरी. या दोन खुणांमध्ये फरक आहे तो फक्त तिसऱ्या स्पंदाचा. तारेवर क्षणभर खरखर होऊन तो एक स्पंद उलटला की यंत्र अंकाऐवजी अक्षरे छापीत राहते. दोनच्या जागी डब्ल्यू, शून्याच्या जागी पी. म्हणून दोनशेचे तीन अक्षरी कोडे झाले. काकांनी व्ही. पी. नव्हे तर दोनशे रुपये आणावयाचे होते. आणि याचा पुरावा शोधावयास दूर जावे लागत नाही : हौशी गृहस्थांनी गाळलेली ती शेवटची ओळ म्हणजे पडताळणीची ओळ होय. मजकुरातील अंक अशा ओळीत पुन्हा एकदा पाठवीत, ते नेमके अशाच अपघातासाठी. दुसऱ्या खेपेस अंकाची खूण शाबूत पोहोचली आणि दोनशे स्वच्छ छापले गेले.

हे दोन दोष एकत्र ठेवले म्हणजे तारेचा मार्गच डोळ्यांसमोर उभा राहतो. दोन अक्षरे मिळून एक होण्याचा प्रकार पाच ठराविक स्पंदांच्या यंत्रात घडणे कठीण. उलट दोनच्या टिंब-टिंब-रेघ-रेघ-रेघ या नादातून डब्ल्यूचा टिंब-रेघ-रेघ निघणे आणि दोन्ही शून्यांचे पी होणे मोर्समध्ये संभवत नाही. तेव्हा ही तार आमच्या तालुक्याच्या गावातून मोर्सने निघाली, मध्ये कोठेतरी मोठ्या कार्यालयात ती कानाने ऐकून घेतली गेली, आणि तेथून पुढे टेलिप्रिंटरवर चढली. ही हकीकत सांगणारा दुसरा कोणताही दाखला आमच्या घरात नाही. ती केवळ त्या दोन बिघडलेल्या शब्दांत शिल्लक आहे.

विरामचिन्हांविषयीही हेच म्हणावे लागेल. पूर्णविराम पाठवावयाचा तर त्याचेही मोल पडे, म्हणून सामान्य माणूस तो पाठवीतच नसे. वाक्य कोठे तोडावयाचे हे घेणाराच्या समजुतीवर सोडलेले असे, आणि नक्कलेत पूर्णविराम घालणारा मनुष्य आपली समजूत प्रेषकाच्या तोंडी घालतो. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आपले मोडी कागदही शब्द न तोडता, विरामचिन्हांवाचून लिहिलेले असत, आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' यांचा पहिला खंड काढणाऱ्या इतिहासाचार्य राजवाडे यांचा अस्सल पत्रांवरचा आग्रह ज्यांनी जाणला आहे, त्यांना तारेच्या कागदालाही तीच शिस्त लावावी हे मुद्दाम सांगण्याचे कारण नाही. जुन्या दप्तरांत नकलेवर 'बरहुकूम अस्सल' असा शेरा असे. तो शेरा मारण्याचा अधिकार शुद्धीकरणानंतर उरत नाही.

कामाची रीत मी अशी ठेवली आहे. प्रथम फॉर्मच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावयाचे, आणि एक छायाचित्र बाजूने तिरपा उजेड टाकून, म्हणजे पट्ट्यांच्या कडा आणि गळून पडलेल्या पट्टीखालचा गोंदाचा ठसा दिसतो. मग पट्टीगणिक ओळ तोडून मजकूर उतरवावयाचा; वाचता न आलेल्या अक्षराची जागा रिकामी सोडावयाची, आणि पेन्सिलीने केलेली दुरुस्ती छापील मजकुरात न मिसळता निराळ्या शाईत नोंदवावयाची. आपले अनुमान, जसे अण्णा किंवा दोनशे, ते खाली स्वतंत्र टीपेत, कारणांसह. सैल झालेली पट्टी पुन्हा चिकटविण्याची घाई करू नये; जुना गोंद कसरीला प्रिय असतो आणि नवा गोंद कागदाला डाग पाडतो. पट्टी वेगळ्या पाकिटात घालून त्यावर फॉर्मचा क्रमांक लिहिला की पुरे.

ही तार ज्या गठ्ठ्यात होती, त्याच गठ्ठ्यात एक सुटी पट्टी सापडली होती. तिच्यावर रविवारी पोहोचत असल्याचा तीन शब्दांचा इंग्रजी मजकूर. तिची जागा शोधताना शब्दसंख्येचाच आधार घेतला. एका फॉर्मवर आरंभी तेरा शब्दांची नोंद होती आणि पट्ट्यांवर शब्द भरत होते दहा. तिरप्या उजेडात शेवटच्या पट्टीखाली गोंदाचा रिकामा ठसा दिसला, आणि त्याची लांबी सुट्या पट्टीशी जुळली. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा असे कागद आता नव्याने जन्मणार नाहीत. गठ्ठ्यातील उरलेल्या तारा अक्कलकोटला आलेल्या आहेत, म्हणजे तारमास्तरांनी कानाने ऐकून हाताने लिहिलेल्या. त्यांत पट्टी नाही, परंतु एक टिंब कमी-अधिक झाल्याने बदललेली अक्षरे आहेत. त्यांची नक्कल आता हाती घेतली आहे.