टायरगाडीचे ओझे कोणाच्या मानेवर?

ऊसतोडीच्या हंगामात बीड जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रात उतरणाऱ्या मजुरांमध्ये 'टायर सेंटर' असा एक वर्गच आहे. गाडी कारखान्याची, ती भाड्याने घेतलेली. बैल मात्र मजुराचे, बहुधा उचलीच्या पैशांतून घेतलेले. मालकीच्या या वाटणीतच खरी मेख आहे. गाडीवर किती ऊस चढावा हे गाडीमालक आणि वजनकाटा ठरवतात. जादा ओझ्याची किंमत मात्र मजुराचा बैल मोजतो.

लोखंडी धावेच्या चाकापेक्षा हवेचे टायर उत्तम, याविषयी वाद नाही. धाव मऊ मातीत रुतते. टायर भार रुंद जागेवर पसरवतो आणि धक्का स्वतः पोटात घेतो. परंतु या सुधारणेतून जी ओढ वाचली ती बैलाला मिळाली काय? नाही. तिच्या बदल्यात गाडीवर आणखी ऊस चढला.

हिशेब साधा आहे. गाडीत अडीच टन ऊस आणि रिकामी गाडी अर्धा टन, म्हणजे एकूण ३,००० किलो धरू. चांगल्या डांबरी सडकेवर टायरगाडी ओढण्यास ढोबळमानाने वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे ७५ किलो जोर लागतो. साडेतीनशे किलोचा एक बैल दिवसभर आपल्या वजनाच्या एक दशांश जोर लावू शकतो. जोडीचा मिळून ७० किलो. सडकेवर गाडी कशीबशी चालते. आता हीच गाडी भुसभुशीत रानात उभी करा. तेथे जोर वजनाच्या दहा टक्क्यांवर, म्हणजे ३०० किलोवर जातो. वाटेत वीसास एक असा चढ लागला तर त्यासाठी १५० किलो वेगळे. बैल असा जोर काही क्षण लावतो, पण गुडघे टेकून. म्हणून रानात निम्मीच गाडी भरावी आणि उरलेली सडकेच्या कडेला पुरी करावी. मात्र ही जादा वाहणी बायकांच्या डोक्यावर येते, तेव्हा तिची मजुरी वेगळी मिळालीच पाहिजे.

या गाडीत प्रत्येक चाकावर दीड टन भार येतो. मोटारीचा काढून टाकलेला टायर साधारण पाचशे किलोचा असतो. बैलाच्या संथ चालीने तो तापत नाही एवढ्यावरून त्याच्यावर तिप्पट भार लादता येत नाही. ८.००-१९ यासारखे टायर बैलगाडीसाठीच बनतात. त्यातील १९ हा आकडा रिमच्या व्यासाचा, इंचांत. दुसऱ्या मापाच्या रिमवर ठोकून बसवलेला टायर ओझ्याखाली सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो. टायरच्या अंगावर कमाल भार आणि त्यासाठी लागणारा हवेचा दाब छापलेला असतो. तो भार चाकावरील भारापेक्षा कमी असेल तर हवा वाढवून उपयोग नाही. ऊसच कमी केला पाहिजे. हवा सकाळी, टायर थंड असताना, गेज लावून पाहावी. हवा कमी असेल तर टायरच्या दोन्ही कडा झिजतात, रिम ट्यूबला चावते आणि ओढ वाढते. जास्त असेल तर मधला पट्टा झिजतो आणि चाक रानात रुतते.

राहिला आस. गाडीचा साटा आसावर जेथे टेकतो तेथून चाकाचा मध्य २५ सेंटिमीटर दूर असेल, तर दीड टन भाराखाली ५० मिलिमीटर चौरस साध्या पोलादाचा आस उभ्या गाडीत टिकतो, पण खड्ड्याच्या दणक्याने वाकतो. तोच ६३ मिलिमीटरचा घेतला तर बळ दुप्पट होते. आस वाकल्याची खूण स्पष्ट असते: चाके वरच्या बाजूने आत झुकतात आणि टायरची आतली कड आधी झिजते. आसाची जागाही तितकीच महत्त्वाची. तो फार मागे असेल तर ओझे जुवावरून बैलांच्या मानेवर येते. फार पुढे असेल तर गाडी उलाळ होऊन जू गळ्याला फास लावते. भरल्यावर जू माणसाच्या हाताने उचलता यावे, पण आपोआप वर उठू नये.

यातील कोणती गोष्ट मजुराच्या हातात आहे? टायर, रिम, आस कारखान्याचे. मग पंक्चर आणि मोडतोडीचा खर्च मजुराच्या बिलातून का कापावा? प्रत्येक गाडीवर तिच्या टायरला व आसाला झेपेल तो भार रंगवलेला असावा, गाडीतळावर हवा भरण्याचे यंत्र आणि गेज फुकट असावे आणि दुरुस्ती भाडे घेणाऱ्याने करावी. उचलीच्या व दराच्या वाटाघाटींत या तीन मागण्या घालणे आपल्या कार्यकर्त्यांचे काम आहे. हंगाम सुरू होताच त्यांनी खिशात एक गेज घेऊन गाडीतळावर जावे. मागणीपत्रातील पहिले आकडे तेथेच मिळतील.