शिलाई मशीन आणि टेंपो

सोसायटीच्या फळ्यावर ‘सक्त मनाई’ हे शब्द दिसले की मी चष्मा पुसून ती सूचना पुन्हा एकदा वाचतो. बँकेच्या नोकरीत परिपत्रके वाचण्यात आणि लिहिण्यात आयुष्य गेले, त्यातून एवढे कळले की नेमके काय थांबवायचे हे ठरलेले नसले, की माणूस ‘सक्त’ लिहितो.

आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी हेच घडले. सेक्रेटरींनी एक मसुदा आणून दिला आणि म्हणाले, ‘‘साहेब, तुम्ही कादंबऱ्या लिहिता, जरा भाषा बघा.’’ मसुद्यात एकच वाक्य होते: सदनिकांमध्ये कोणताही व्यवसाय करण्यास सक्त मनाई आहे. त्याच संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी दारात उभ्या. यजमान गेल्यापासून ब्लाउज शिवून त्यांनी दोन मुलांचे शिक्षण चालवले आहे. त्यांनी विचारले, ‘‘काका, मशीन बंद करायचं का?’’

भाषेत दोष नव्हता, दोष हिशेबात होता. म्हणून मी वॉचमनचे रजिस्टर मागवले आणि एका आठवड्याचा गोषवारा काढला. मोठी वाहने शेहेचाळीस आली होती. त्यांपैकी तीन घरसामानाची, पाच पाण्याच्या टँकरची आणि उरलेली अडतीस एकट्या तळमजल्यावरच्या सदनिकेकडची. तिथे राहत कोणीच नव्हते. तयार कपड्यांचे गठ्ठे उतरत आणि पुड्या होऊन बाहेर जात. वहिनींच्या नावावर एकही टेंपो नव्हता. चौथ्या मजल्यावरच्या भाषांतरकाराच्या नावावर तर कुरिअरची दोन पाकिटे, बस्स.

म्हणजे प्रश्न व्यवसायाचा नव्हता, फाटकातून आत येणाऱ्या भाराचा होता. आमच्या आवारातल्या जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचा स्लॅब मोटारींच्या हिशेबाने घातलेला आहे. भरलेला टेंपो रोज त्यावरून वळू लागला, की आधी फरशी खचते, मग टाकीचे झाकण डुगडुगते आणि पुढे पाणी झिरपू लागते. आमच्याकडे पहिल्या दोन पायऱ्या होऊन गेल्या होत्या. शिवाय टेंपो जिथे उभा राहतो, तीच आगीच्या बंबाची वाट.

नवी सूचना या भारावरच बेतली. घरात राहणारा माणूस स्वतः काम करतो, बाहेर पाटी लावत नाही, जिन्यात माल ठेवत नाही आणि मोठे वाहन बोलावत नाही, अशा कामाला परवानगीची गरजच नाही. शिवण, शिकवणी, संगणकावरचे काम, डबे, सारे यात येते. डब्यांबाबत एक अट घातली: धंद्याच्या १९ किलोच्या सिलिंडरांचा साठा सदनिकेत करायचा नाही. मोठी वाहने सकाळी दहा ते बारा या वेळातच, आधी नोंद करून, टाकी टाळून उभी राहतील. घरसामान, टँकर आणि रुग्णवाहिका यांना ही बंधने नाहीत. दुचाकीवरच्या पार्सलवाल्यांसाठी फाटकाजवळ एक टेबल ठेवले.

मसुद्यात दंडाचीही ओळ होती, ती मी खोडली. दंड ठरवण्याचा अधिकार समितीचा नाही, सर्वसाधारण सभेचा आहे. आणि तोही सभासदाला नोटीस देऊन, त्याचे म्हणणे ऐकून. ही पायरी गाळलेला दंड सहकार खात्यापुढे टिकणे कठीण. उलट, शॉप ॲक्टखाली नोंद केल्याची पावती दाखवणाऱ्यालाही सांगावे लागते, की त्या पावतीने राहती सदनिका गोदाम होत नाही. जागेचा वापर बदलायचा, तर महापालिकेचे नियम आणि सोसायटीचे उपविधी दोन्ही आड येतात.

तळमजल्याचे व्यापारी सभेत चिडले नाहीत. ते म्हणाले, ‘‘बाहेर गाळ्याचं भाडं मला झेपत नाही, पोट मलाही आहे.’’ खोटे नव्हते ते. सभेने त्यांना माल हलवायला तीन महिने दिले. त्यांनी चार घेतले. तेवढ्यात टाकीचे झाकण एकदा बदलावे लागले, आणि त्याचा खर्च कोणाच्या नावे टाकावा यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.

अशी सूचना निघाली तरी ती चालवायची फाटकावरच्या माणसाने. त्याने वेळ आणि सदनिका क्रमांक लिहिणे सोडले, की सहा महिन्यांत पुन्हा कोणाचा तरी संयम सुटतो आणि फळ्यावर ‘सक्त मनाई’ उगवते. म्हणून मी दर महिन्याला रजिस्टर चाळतो. निवृत्त बँकवाल्याला एवढी सवय माफ असावी. वरून शिलाई मशीनचा आवाज येत असतो. त्याची नोंद मात्र कुठल्याही रकान्यात करावी लागत नाही.