अकराच्या चहाला सोबत करणाऱ्यांस



आज निरोप घेताना चौलच्या या शाखेतल्या कामाबद्दल बोलायला हवं, पण मी सिगारेटबद्दल बोलणार आहे. ती सुटली तुमच्यामुळे, आणि तुम्ही नेमकं काय केलंत ते इथे राहणाऱ्यांना पुढेही उपयोगी पडेल.

पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट असतात. निकोटिन शरीरातून उतरत असतं, झोप लागत नाही, उगाच चिडचिड होते. रोखपाल मॅडमनी त्या दिवसांत मला काउंटरवरून हलवून मागच्या टेबलावर नोंदींचं काम दिलं. मी खेकसलो तेव्हा कोणी उलट बोललं नाही. पुढे दोन-चार आठवड्यांत हा त्रास ओसरतो. खोकला मात्र सुरुवातीला वाढू शकतो. छाती साफ होऊ लागल्याची ती खूण असते, म्हणून घाबरून परत ओढू नये. तो लांबलाच तर डॉक्टरांना दाखवावं.

तलफ फार वेळ टिकत नाही, पाच-दहा मिनिटांत ओसरते. पण माझी तलफ अकराच्या चहाला बांधलेली होती. तुम्ही नाक्यावरच्या टपरीवर जाणं सोडलंत आणि चहा आत मागवू लागलात. कप खाली ठेवला की कोणीतरी मला वाडीच्या कडेने रामेश्वराच्या तळ्यापर्यंत फिरवून आणायचं. परत येईपर्यंत तलफ गेलेली असायची. माझ्या मते औषधाइतकंच काम या फेरीने केलं.

ते औषध म्हणजे निकोटिनच्या च्युइंगमची गोळी. ती औषधाच्या दुकानात मिळते, पण साध्या च्युइंगमसारखी चघळत राहायची नसते. हळू चावायची, तोंडात चुरचुरलं की गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायची, चुरचुर गेली की पुन्हा चावायची. असं साधारण अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि गोळी तोंडात असताना चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही.

एक गोष्ट आपल्या भागात हमखास घडते. शाखेतल्या मामांनी मायेने घरच्या वाडीतली सुपारी कातरून माझ्या हातावर ठेवली होती, तोंडाला चाळा म्हणून. मॅडमनी ती उचलून डब्यात परत टाकली आणि बडीशेप दिली. त्यांचं बरोबर होतं. तंबाखू नसली तरी नुसत्या सुपारीनेही तोंडाचा कर्करोग होतो. आपण सुपारीच्या गावात राहतो म्हणून हे जास्तच लक्षात ठेवायला हवं.

आपल्यात अजून दोघांच्या खिशात पाकीट आहे. त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक लिहून घ्या, तिथे समुपदेशक बोलतात. आणि सोडायचा दिवस ठरला की मॅडमना आदल्या आठवड्यातच सांगा, म्हणजे काउंटरची पाळी बदलता येईल. बाकीच्यांनी तेवढे दिवस त्यांच्याबरोबर तळ्यापर्यंत जाऊन यावं.