‘लवकरच’ हा शब्द मेसेजमधून काढून टाका

इथे बॉनमध्ये साइटवर जेवणाची सुट्टी झाली की बरीच पोरं मोबाईल काढून घरच्या बाईला जर्मनमध्ये मेसेज टाइप करतात. मराठी येत असताना जर्मन कशाला? कारण २००७ पासून इथला कायदा बहुतेक जोडीदारांकडून व्हिसाआधीच ‘ए-१’ पातळीचं जर्मन मागतो. ती पुण्यात किंवा मुंबईत मॅक्स म्युलर भवनात परीक्षेला बसणार, तुम्ही इथे कामापुरतं बोलणार, म्हणून ही दोघांची सरावाची भाषा झाली. चांगलंच आहे. पण त्या मेसेजमध्ये रोज एक शब्द असतो, ‘बाल्ड’, म्हणजे लवकरच. माझं भांडण त्या शब्दाशी आहे.

‘बाल्ड’ लिहिता तेव्हा ऑफिसच्या वतीने वचन तुम्ही देता. ते मोडलं की ती ऑफिसवर नाही, तुमच्यावर चिडते. आमच्याकडच्या तासगावच्या एका सळई बांधणाऱ्याचं हेच झालं. चार महिने रोज ‘बाल्ड’. शेवटी तिने मराठीत एवढंच लिहिलं, “अहो, खरं काय ते सांगा, नाहीतर काही सांगू नका.”

खरं काय ते सांगायला जर्मनच कामाला येते. मराठीत ‘वाट बघतोय’ म्हटलं की वाक्य पुरं होतं. जर्मनमध्ये ‘इश वार्टे आउफ’ म्हटलं की पुढे सांगावं लागतं, कशाची. आणि वाट एकच नसते, तीन असतात. पहिली प्रमाणपत्राची, ती तिच्या हातात आहे. दुसरी मुंबईत अर्ज देण्याच्या तारखेची, म्हणजे ‘टेरमिन’ची. तिसरी ‘त्सुश्टिमुंग’ची. मुंबईत दिलेला अर्ज तुमच्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयाकडे येतो. ते तुमचा पगार, घराची जागा बघून संमती देतं आणि मग व्हिसा निघतो. फाइल अनेकदा इथेच अडते, आणि कागद मागणारं पत्र तुमच्याच पेटीत पडतं. ते तिला दिसत नाही. तुम्ही सांगितलं तरच कळणार.

परीक्षेत लेखनाला एक फॉर्म आणि सुमारे ३० शब्दांचा निरोप असतो, त्यात तीन मुद्दे. तेच तीन मुद्दे रोजच्या मेसेजला लावा: कशाची वाट, कोणाकडे अडलंय, पुढची तारीख कोणती. त्या सळईवाल्याने नंतर लिहिलं, “होयटे काइन ब्रीफ. इश वार्टे आउफ डी त्सुश्टिमुंग. आम मोनटाग फ्रागे इश नाख.” आज पत्र नाही, संमतीची वाट बघतोय, सोमवारी विचारतो. यात खोटी आशा नाही, पण सोमवार आहे. तिने उत्तरात पहिल्यांदा अभ्यासाचं लिहिलं.

काही जण म्हणतील, खरं सांगितलं तर ती खचेल. उलट आहे. तारीख नसलेली आशा माणसाला खचवते. मात्र तिच्या मेसेजचं व्याकरण तपासत बसू नका. ती रडत असेल तर फोन करा आणि मराठीत बोला. ३० शब्दांच्या जर्मनमध्ये दुःख मावत नाही.

आता धीराबद्दल. एजंट सांगतो धीर धरा, नातेवाईक सांगतात धीर धरा. धीरालाही हद्द असते, आणि ती इथल्या कायद्यातच आहे. पूर्ण अर्ज दिल्यावर तीन महिने झाले आणि योग्य कारणाशिवाय निर्णयच नसेल, तर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दिरंगाईविरुद्ध दावा करता येतो. त्याला ‘उनटेटिगकाइट्सक्लागे’ म्हणतात. मोजणी अर्ज स्वीकारल्यापासून होते, नाव प्रतीक्षा यादीत टाकल्यापासून नाही. दाव्याने व्हिसा मिळेलच असं नाही, निर्णय मात्र मागता येतो. फी आणि वकिलाचा खर्च आहे, म्हणून आधी अर्जाची स्थिती लेखी विचारा आणि उत्तराची प्रत ठेवा.

आणि अजून एक. तुमच्या परवान्यावरचं कलम वाचा. ब्लू कार्ड असेल, किंवा कुशल कामगाराचं १८अ वा १८ब असेल (कार्डावर 18a, 18b असं छापलेलं असतं), तर जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनच्या प्रमाणपत्राची अटच नाही. १९क, म्हणजे 19c असेल तर काही प्रकारांत ती लागू होते, काहींत नाही. हे न बघताच कुणी परीक्षेच्या तारखेसाठी महिने घालवत असेल, तर ती वाट फुकट आहे.

आज रात्री तिला मेसेज कराल तेव्हा ‘बाल्ड’ खोडा आणि त्या जागी तारीख लिहा. तारीख माहीत नसेल, तर ती कोणाला आणि कोणत्या दिवशी विचारणार ते लिहा.